अखेरच्या टप्प्यातील फुफ्फुसविकारात धापेचे उपशमन

अखेरच्या टप्प्यातील फुफ्फुसविकारात धापेचे उपशमन म्हणजे मूळ आजार बरा होण्याची शक्यता संपल्यानंतरही रुग्णाला लागणारी धाप कमी करण्यासाठी केले जाणारे उपचार होत. दीर्घकालीन अवरोधक फुफ्फुसविकार (सीओपीडी) आणि फुफ्फुसांचे तंतुमयीकरण या आजारांत त्यांची विशेष गरज भासते. चेहऱ्यावर वारा घेणे, हालचालींची गती राखणे, निवडक रुग्णांना अल्प मात्रेत मॉर्फीन देणे आणि उपचारांच्या उद्दिष्टांविषयी वेळीच बोलणे, हे या उपचारांचे मुख्य भाग आहेत.

## पार्श्वभूमी

सीओपीडी हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा आजार नाही. पुण्यातील संशोधक डॉ. संदीप साळवी यांनी सहलेखकासह २००९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीचा आढावा घेतला. लाकूडफाटा व गोवऱ्या यांचा धूर हे त्याचे मोठे कारण असल्याचे त्यात मांडले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडीसारख्या डोंगराळ तालुक्यात, जेथे पावसाळा मोठा आणि वाड्या विखुरलेल्या आहेत, तेथे चुलीपुढे आयुष्य गेलेल्या स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. अशा ठिकाणी मोठे रुग्णालय दूर असल्याने घरी करता येण्याजोग्या उपायांना अधिक महत्त्व येते.

## धाप आणि प्राणवायू

धाप ही एक जाणीव आहे. श्वास घेण्याची मेंदूची मागणी आणि छातीला प्रत्यक्ष जमणारा श्वास यांत तफावत पडली की ती उत्पन्न होते. भीती वाटली की श्वास उथळ व जलद होतो, त्यामुळे धाप वाढते आणि वाढलेली धाप पुन्हा भीती वाढवते.

म्हणूनच बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरील आकडा आणि रुग्णाचा त्रास नेहमी जुळत नाहीत. ज्यांच्या रक्तातील प्राणवायू फारसा घटलेला नाही, अशा रुग्णांना नळीतून प्राणवायू आणि साधी हवा देऊन २०१० साली तुलना करण्यात आली. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. प्राणवायू खरोखर कमी असेल तर तो द्यावाच लागतो. परंतु केवळ धापेसाठी महागडे यंत्र आणण्यापूर्वी पंखा वापरून पाहणे युक्त ठरते.

## पंखा

नाक, गाल व ओठांभोवतीच्या त्वचेची संवेदना त्रिशाखी चेतातंतू मेंदूकडे नेतो. या भागावर गार वारा लागला की धापेची जाणीव मंदावते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका चाचणीत तोच छोटा पंखा पाच मिनिटे चेहऱ्यावर आणि पाच मिनिटे पायावर धरण्यात आला. चेहऱ्यावरील वाऱ्याने धाप अधिक कमी झाली.

पंखा चेहऱ्यापासून सुमारे वीतभर अंतरावर धरून वारा नाकाच्या दोन्ही बाजूंना व वरच्या ओठावर घेतात. सेलवर किंवा चार्जिंगवर चालणारा हातपंखा वीज गेल्यावरही उपयोगी पडतो. तो नसल्यास विंझणा किंवा उघडी खिडकीही चालते. पंख्याने श्वासनलिका रुंदावत नाहीत. श्रमानंतर श्वास पूर्ववत होण्याचा काळ तेवढा कमी होतो.

## गती राखणे

धाप लागल्यावर थांबण्यापेक्षा ती लागण्याआधीच थांबणे, हे यातील तत्त्व आहे. काम लहान टप्प्यांत वाटतात, अंघोळ स्टुलावर बसून करतात आणि ज्या क्षणी जोर लावायचा, त्या क्षणी ओठ आवळून सावकाश श्वास सोडतात. पायरी चढताना उभे राहून श्वास आत घ्यावा व पाऊल उचलताना सोडावा. धाप लागलीच तर पुढे झुकून कोपर गुडघ्यांवर टेकवून बसल्याने छातीच्या स्नायूंना आधार मिळतो.

घरची माणसे मायेपोटी रुग्णाला अंथरुणावरून हलू देत नाहीत. त्यामुळे स्नायू दुबळे होतात आणि पुढे थोड्या हालचालीनेही धाप लागते. म्हणून पूर्ण विश्रांती हा यावरचा उपाय नव्हे.

## अल्प मात्रेतील मॉर्फीन

मॉर्फीन मेंदूतील श्वासाच्या मागणीची तीव्रता आणि धापेचा त्रासदायक भाग कमी करते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, ४८ रुग्णांच्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत रोज २० मि.ग्रॅ. सावकाश विरघळणाऱ्या मॉर्फीनने धाप कमी झाली. याउलट २०२२ साली सीओपीडीच्या १५६ रुग्णांवरील मोठ्या चाचणीत ८ व १६ मि.ग्रॅ. मात्रांचा आठवडाभरात लाभ दिसला नाही. त्यामुळे मॉर्फीन सरसकट न देता, इतर उपाय पुरे न पडल्यास, ठरावीक मुदतीसाठी देऊन परिणाम तपासावा आणि गुण न आल्यास थांबवावे, असा सावध पवित्रा अनेक तज्ज्ञ घेतात.

डॉक्टर सामान्यतः १० मि.ग्रॅ.च्या गोळीचा चतुर्थांश, म्हणजे २.५ मि.ग्रॅ., इतक्या मात्रेने सुरुवात करतात. मूत्रपिंड दुबळे असल्यास मात्रा घटवून दोन मात्रांतील अंतर वाढवतात. मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र टिकून राहते, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच देतात. हाक मारूनही न उतरणारी गुंगी, मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी झालेले श्वास किंवा टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या ही मात्रा अधिक झाल्याची लक्षणे होत. अशा वेळी पुढची मात्रा न देता तातडीने डॉक्टरांना कळवावे लागते. झोपेच्या गोळ्या व मद्य यांच्या जोडीने धोका बराच वाढतो.

भारतात अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कडक तरतुदींमुळे मॉर्फीन दुर्मीळ झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ते 'अत्यावश्यक अमली औषध' ठरले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सुलभ झाले. तरीही ते प्रत्येक औषध दुकानात मिळत नाही. त्यामुळे दुर्गम वाडीवरील रुग्णासाठी औषध कोठून व किती दिवसांचे आणायचे, हे आधीच ठरवावे लागते.

## उदाहरण

पुढील उदाहरण कल्पित असून केवळ उपचारांचा क्रम स्पष्ट करण्यासाठी दिले आहे. डोंगराळ वाडीवरील ६८ वर्षांच्या स्त्रीला सीओपीडी आहे. श्वासनलिका रुंदावणारी औषधे योग्य रीतीने चालू आहेत आणि प्राणवायूची पातळी ९१ टक्के आहे. तरी माजघरातून अंगणात येईतो तिला धाप लागते. शून्य ते दहा या मापावर ती स्वतः धाप ७ सांगते. प्रथम चुलीचा धूर टाळून, पंखा व बसून अंघोळ यांची सवय लावली जाते. दोन आठवड्यांनी श्वास लवकर पूर्ववत होतो, पण बसल्या जागीही धाप ६ उरते. तेव्हा डॉक्टर २.५ मि.ग्रॅ. मॉर्फीन प्रथम रात्री, मग दोन वेळा आणि आठवड्याअखेर चार वेळा, असे दिवसाला १० मि.ग्रॅ.पर्यंत नेतात व सोबत रेचक देतात. दहा दिवसांनी धाप ४ वर येते, ती रात्री झोपते आणि अंगणात येऊन बसते. या मापावर एका अंकाची घटही रुग्णाला जाणवण्याजोगी मानली जाते. गुंगी आली असती किंवा आकडा हललाच नसता, तर औषध बंद केले असते.

## उपचारांच्या उद्दिष्टांविषयी संवाद

हा संवाद रुग्ण स्थिर असताना, तीव्र झटका येण्यापूर्वी करणे इष्ट असते. झटक्यात बोलण्याइतका श्वास नसतो आणि निर्णय घाबरलेल्या नातेवाइकांवर येऊन पडतो. आजाराविषयी रुग्णाला काय ठाऊक आहे व किती जाणून घ्यायचे आहे, हे प्रथम विचारतात. त्यानंतर तिला कशाची भीती वाटते, काय महत्त्वाचे वाटते, कृत्रिम श्वसनयंत्र हवे की नको, अखेरचे दिवस घरी की रुग्णालयात आणि तिच्यातर्फे कोणी बोलावे, हे विषय येतात. 'आईला काही सांगू नका' असा मुलांचा आग्रह असल्यास, त्यांच्या संमतीने रुग्णालाच 'तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे?' असे विचारणे हा मधला मार्ग ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने त्याची रीत सोपी झाली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. रुग्ण निर्णय घेऊ शकत नसेल आणि बरे होण्याची आशा नसेल, तेव्हाच ते लागू होते. श्वसनयंत्र नाकारले तरी धापेवरील उपचार थांबत नाहीत. पंखा, मॉर्फीन व शुश्रूषा अखेरपर्यंत चालू राहतात.