जुन्या मराठी हिशेबांतील दंड व रेघ

मराठी गद्यात पूर्णविराम, स्वल्पविराम इत्यादी चिन्हे रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकात. मेजर कँडी यांचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. हिंदीने वाक्यान्ती दंड राखला, मराठीने तो टाकून टिंब स्वीकारले. त्यामुळे जुन्या कागदाची नक्कल करताना दंड दिसला की तेथे टिंब देण्याकडे नकलकाराचा हात सहज वळतो. हिशेबाच्या कागदांत ही सुधारणा किती घातक ठरते, ते पाहण्यासारखे आहे.

या कागदांत अंकापुढील उभी रेघ हे विरामचिन्ह नसून अपूर्णांक असतो. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयाचे सोळा आणे असल्यामुळे याच रेघा अनुक्रमे चार, आठ व बारा आणे दाखवितात. त्यांच्यापुढील आडव्या वा तिरप्या रेघा उरलेले एक, दोन किंवा तीन आणे सांगतात. समजा, एका यादीत पुढील तीन रकमा आहेत : ७॥=, ३। आणि २॥।-. त्या अनुक्रमे सात रुपये दहा आणे, तीन रुपये चार आणे आणि दोन रुपये तेरा आणे अशा वाचावयाच्या. बेरीज तेरा रुपये अकरा आणे, म्हणजे १३॥≡ येते. आता नकलकाराने दंडाऐवजी टिंब दिले आणि आडव्या रेघा संयोगचिन्हे समजून गाळल्या, तर ७, ३ व २ एवढेच उरतात. त्यांची बेरीज बारा होते. मुळातील बेरजेचा आकडा ताडून पाहिल्यास हा दोष ओळखता येतो. परंतु सुटी रक्कम असलेल्या पत्रात तो पकडण्यास साधन राहत नाही.

याउलट, प्रत्येक दंड अपूर्णांक मानणेही चूक होय. ओव्यांच्या पोथीत ॥ ५ ॥ असे असेल, तर तो ओवीचा क्रमांक असतो, साडेपाच नव्हे. निर्णय संदर्भावरून करावयाचा असतो, आणि तो करण्यासाठी चिन्ह नकलेत शिल्लक असावे लागते. युनिकोडमध्ये २००९ साली या अपूर्णांकांना दंडाहून वेगळी चिन्हे मिळाली. तथापि कोणते चिन्ह योजावयाचे, हे वाचकानेच ठरवावे लागते.

टिंबांच्या ओळीचेही असेच आहे. कसरीने खाल्लेल्या अक्षरांच्या जागी एखाद्या संपादकाने अक्षरागणिक एक टिंब दिले असेल, तर सहा टिंबे सहा अक्षरांची जागा दाखवितात. पुढील नकलकाराने सर्वत्र तीनच टिंबे केली, की गळालेला शब्द सुचविणाऱ्यास त्याची लांबी कळेनाशी होते.

म्हणून नक्कल मुळाबरहुकूम ठेवावी आणि वाचनसोयीची विरामचिन्हे संपादित पाठात वेगळी द्यावीत.