खोचक स्तुती

खोचक स्तुती म्हणजे वरकरणी प्रशंसा करणारे, पण प्रत्यक्षात कमीपणा दाखवणारे विधान होय. अशा बोलण्याला मराठीत 'शालजोडीतले देणे' असे म्हणतात. शाल मानाची असते, पण तिच्यात जोडा गुंडाळलेला असतो. याच कुळातील दुसरा प्रकार म्हणजे फिकी स्तुती. तिच्यात बोचरा शब्द नसतो, मात्र प्रशंसा इतकी क्षीण असते की तीच निंदा ठरते. दोन्ही प्रकारांत निंदेचे वाक्य उच्चारले जात नाही. ते ऐकणाऱ्याला मनात पूर्ण करावे लागते. प्रामाणिक प्रशंसा आणि उघड निंदा यांपासून त्यांचे वेगळेपण यातच आहे.

## स्वरूप

खोचक स्तुतीत कौतुकाला एक तुलना जोडलेली असते. "खेड्यातला असूनही इंग्रजी छान बोलतो" किंवा "काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे" या वाक्यांत गुण मान्य केला आहे. पण 'असूनही' आणि 'असली तरी' या शब्दांनी त्या व्यक्तीकडून किंवा तिच्या समाजगटाकडून मुळात फारशी अपेक्षा नव्हती, हेही सांगितले आहे. "तुमच्या मानाने उत्तम" या वाक्यात तर मापच लहान केले आहे.

फिक्या स्तुतीत काही जोडलेले नसते, उलट अपेक्षित असलेले गाळलेले असते. गायनाच्या मैफलीनंतर केवळ "बैठकव्यवस्था चांगली होती" असे म्हटल्यास गाण्याविषयीचे मौन बोलके ठरते.

## फिक्या स्तुतीचा परिणाम

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ फाव्होरिनस याचे याविषयीचे मत रोमन लेखक आउलुस गेलिउस याने नोंदवले आहे. फाव्होरिनसच्या मते, कठोर निंदेपेक्षा थंड स्तुती अधिक लाजिरवाणी असते. कडाडून निंदा करणारा शत्रू समजला जातो आणि म्हणून त्याच्यावर सहसा विश्वास बसत नाही. याउलट, थंडपणे स्तुती करणारा मित्र वाटतो. त्याला स्तुती करायची आहे, पण करण्याजोगे काही सापडत नाही, असा ऐकणाऱ्याचा समज होतो.

इंग्रजीतील 'फिक्या स्तुतीने धिक्कारणे' हा वाक्प्रचार अलेक्झांडर पोप याच्या 1735 मध्ये प्रकाशित झालेल्या, डॉ. आर्बथनट यांना उद्देशून लिहिलेल्या काव्यपत्रामुळे रूढ झाला. त्यातील 'अ‍ॅटिकस' हे पात्र लेखक जोसेफ अ‍ॅडिसन याच्यावर बेतलेले आहे. उघड वार करण्याचे धैर्य नसलेला, पण दुखावण्याची इच्छा असलेला समीक्षक असे त्याचे चित्रण आहे.

## शिफारसपत्राचे उदाहरण

भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1975 मध्ये प्रकाशित झालेल्या निबंधात या प्रक्रियेचे प्रसिद्ध उदाहरण दिले आहे. तत्त्वज्ञानाच्या अध्यापकपदासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याविषयी त्याचे शिक्षक लिहितात, की त्याचे इंग्रजीवर प्रभुत्व आहे आणि तो वर्गात नियमित हजर असतो. पत्र तेवढ्यावरच संपते.

वाचणारा पुढीलप्रमाणे विचार करतो. शिक्षक विद्यार्थ्याला ओळखतात, म्हणजे माहितीअभावी ते गप्प नाहीत. तत्त्वज्ञानातील कुवतीविषयी मत हवे आहे, हेही त्यांना ठाऊक आहे. तरीही ते लिहीत नाहीत, त्या अर्थी त्यांना लिहिणे अवघड वाटणारे काही सांगायचे आहे: विद्यार्थी विषयात कच्चा आहे. पत्रातील दोन्ही विधाने खरी असूनही अर्ज बाद होऊ शकतो. विद्यार्थ्याने विचारणा केल्यास मात्र शिक्षक प्रत्येक शब्दाचे समर्थन करू शकतात.

## इतर प्रकारांशी तुलना

उघड निंदा करणारा आपल्या शब्दांची जबाबदारी टाळू शकत नाही. त्यामुळे तिला उत्तर देता येते, ती खोडून काढता येते. खोचक स्तुती करणाऱ्याला "मी तर कौतुकच केले" अशी पळवाट असते. आक्षेप घेणारा उलट हळवा ठरतो. म्हणून ती निंदेपेक्षा नेहमीच सौम्य असते, असे म्हणता येत नाही.

प्रामाणिक प्रशंसा जोरकसच असली पाहिजे असे नाही. ती मुख्य गुणाविषयी बोलते आणि तुलनेचे वाक्यांग काढून टाकले तरी तिचा हेतू कायम राहतो. "खेड्यातला असूनही" हे शब्द वगळल्यास उरते ते साधे कौतुक. वगळलेल्या शब्दांतच खोच होती, हे त्यावरून कळते.

संस्कृत काव्यशास्त्रातील व्याजस्तुती हा अलंकार याच्या जवळचा आहे. मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' ग्रंथानुसार त्यात स्तुतीतून निंदा किंवा निंदेतून स्तुती सूचित होते. मात्र तेथे खरा अर्थ रसिकाला कळावा हीच अपेक्षा असते. व्यवहारातील खोचक स्तुतीत तो नाकारण्याची सोय राखलेली असते.

## मर्यादा

केवळ शब्दांवरून हेतू ठरवता येत नाही. मितभाषी माणसाचे "बरं झालंय" हे मनापासूनचे कौतुक असू शकते. तेच शब्द एरवी भरभरून बोलणाऱ्याच्या तोंडी फिके ठरतात. त्यामुळे बोलणाऱ्याची नेहमीची पद्धत आणि त्या प्रसंगी अपेक्षित असलेले बोलणे ही दोन्ही पाहावी लागतात. पूर्वग्रहातून आलेले "असूनही" दुखावण्याच्या हेतूविनाही उच्चारले जाते. हेतू नसला तरी त्यातील कमीपणा ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतोच.