फ्री ट्रायल पुन्हा पुन्हा घेणारा एकच माणूस ॲपला कसा ओळखू येतो?

अनेक ॲप सुरुवातीचे ७ किंवा १४ दिवस फुकट देतात, त्यानंतर पैसे कापले जातात. काही जण तेराव्या दिवशी ट्रायल रद्द करतात आणि पंधराव्या दिवशी नवा ईमेल, दुसरं कार्ड वापरून पुन्हा 'नवे ग्राहक' होतात. कंपनीला हे कळतं कसं? आणि मुख्य म्हणजे, एकाच घरातली दोन वेगळी माणसं यात विनाकारण कशी अडकतात?

समजा, नागपूरच्या प्रताप नगरमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं एका वसतिगृहात राहतात. सगळ्यांचं वायफाय एकच आहे. व्हिडिओ लेक्चर दाखवणाऱ्या एका ॲपवर दोन महिन्यांत तिथून पाच खाती उघडली गेली आणि पाचही खात्यांनी १४ दिवसांची ट्रायल घेतली. यात माणसं किती?

ईमेल: सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कच्ची खूण

जीमेल नावातले टिंब मोजत नाही आणि अधिकच्या चिन्हापुढचा मजकूर सोडून देतं. म्हणजे खालचे तिन्ही पत्ते एकाच इनबॉक्सचे:

```
abcd@gmail.com
a.bcd@gmail.com
abcd+2@gmail.com
```

म्हणून ॲप आधी पत्ता साफ करतं आणि मग तो जुन्या नोंदींशी ताडून पाहतं. मात्र टिंब काढण्याचा नियम जीमेलपुरताच आहे. आउटलुकवर टिंब असलेला आणि नसलेला पत्ता दोन वेगळ्या माणसांचा असू शकतो, तिथे तो लावला की निरपराध माणूस अडकलाच.

आपल्या उदाहरणात पहिलं आणि दुसरं खातं साफ केल्यावर एकाच पत्त्याचं निघालं. तिसऱ्याचा पत्ता पूर्ण वेगळा आहे. नवा ईमेल काढायला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे या चाळणीत फक्त आळशी माणूस सापडतो.

कार्ड: भारतात इथेच वेगळी अडचण

पूर्वी दुकानदार किंवा ॲप कार्डाचा नंबर जपून ठेवू शकत असे आणि तोच नंबर दुसऱ्यांदा आला की ओळखत असे. रिझर्व्ह बँकेच्या टोकनायझेशनच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२२ पासून ते बंद झालं. ॲपकडे आता कार्डाऐवजी टोकन असतं. ओळखीसाठी शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं.

मग चार आकडे आणि बँक जुळली की कार्ड तेच, असं मानायचं का? साधा हिशेब करून पाहा. चार आकड्यांच्या १०,००० जोड्या होतात. एखाद्या मोठ्या बँकेचे १ लाख ग्राहक ॲपवर असतील, तर प्रत्येक जोडीवर सरासरी १० माणसं येतात. म्हणजे ही खूण शंका घ्यायला पुरते, आरोप करायला नाही.

पक्की खूण हवी असेल तर पेमेंट अकाउंट रेफरन्स नावाचा २९ अक्षरांचा क्रमांक उपयोगी पडतो. एका कार्डाची टोकन कितीही असली तरी हा क्रमांक तोच राहतो आणि त्यावरून पैसे काढता येत नाहीत. पेमेंट गेटवे तो देत असेल तर काम सोपं होतं. तरीही माणसाने खरोखर दुसऱ्या बँकेचं कार्ड दिलं तर हा क्रमांकही वेगळाच येणार. यूपीआयमध्ये तर एकाच बँक खात्यावर अनेक पत्ते काढता येतात.

आपल्या तिसऱ्या खात्याने नेमकं हेच केलं: कार्ड दुसऱ्या बँकेचं. उलट चौथ्या आणि पाचव्या खात्याचं कार्ड एकच निघालं. नुसत्या कार्डावर निकाल लावला असता, तर तिसरं खातं सुटलं असतं आणि चौथं-पाचवं अडकलं असतं.

फोन

ईमेल फुकट मिळतो, कार्ड घरातल्या कुणाचं मागता येतं, पण दर पंधरवड्याला कुणी फोन बदलत नाही. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपला फोनची एक वेगळी ओळख मिळते. ॲप काढून पुन्हा टाकलं तरी ती सहसा तीच राहते, फॅक्टरी रीसेट केल्यावर बदलते. आयफोनवर ॲपलची डिव्हाइसचेक ही सोय आहे. तिच्यात प्रत्येक कंपनीला त्या फोनपुरत्या दोनच खुणा ॲपलच्या सर्व्हरवर ठेवता येतात, प्रत्येक खूण 'हो' किंवा 'नाही' एवढीच. 'या फोनवर ट्रायल झाली' हे नोंदवायला एक पुरते. मालक कोण हे त्यातून कळत नाही, ही खासगीपणाच्या दृष्टीने चांगली गोष्ट.

तिसऱ्या खात्याचा फोन पहिल्या दोन खात्यांचाच निघाला. चौथं आणि पाचवं खातं दोन वेगळ्या फोनवर आहे.

वायफायवरून जोडलं तर काय होतं?

पाचही खात्यांचा आयपी पत्ता एकच आहे. तेवढ्यावर जोडलं तर पाच खाती एका माणसाची ठरतात, आणि सोबत अख्खं वसतिगृहही. मोबाइल डेटावर तर हे आणखी बिघडतं, कारण कंपन्या एकच आयपी पत्ता मोठ्या संख्येने ग्राहकांत वाटून वापरतात. म्हणून जाणकार एक साधा नियम पाळतात: जी खूण जितक्या जास्त खात्यांत दिसते, तितकं तिचं वजन कमी. दोन खात्यांत दिसलेला फोन मोठा पुरावा आहे. दोनशे खात्यांत दिसलेला आयपी पुरावा नाहीच.

हा नियम नसेल तर साखळी वाढत जाते. अ चा संबंध ब शी, ब चा क शी, असं करत एका कच्च्या दुव्यामुळे शंभर अनोळखी लोक एका गटात पडतात. असा फुगलेला गट दिसला की माणूस लबाड आहे असं समजण्याआधी दुवा तपासावा.

निकाल लावते ती वेळ

आता वापराच्या वेळा पाहू. पहिल्या खात्याची ट्रायल संपली त्याच संध्याकाळी दुसरं उघडलं, दुसरं संपल्यावर तिसरं. कोणतीही दोन खाती एका वेळी चालली नाहीत. शिवाय तिसऱ्या खात्याने पहिलं लेक्चर उघडलंच नाही, दुसऱ्याने जिथे थांबवलं होतं तिथूनच थेट सुरुवात केली. नवा विद्यार्थी सहसा असं करत नाही. ही रिले शर्यत आहे आणि धावणारा एकच.

चौथं आणि पाचवं खातं मात्र रोज रात्री एकाच वेळी, दोन फोनवर, वेगवेगळे विषय पाहतं. वडिलांचं एक कार्ड वापरणारी ही दोन भावंडं असण्याची शक्यता जास्त. म्हणजे पाच खाती, पण माणसं बहुधा तीन.

एक माणूस दोन फोनवर दोन खाती मुद्दाम एकत्र चालवू शकतो, हे खरं. पण फुकट ट्रायलसाठी एवढी मेहनत घेणारे थोडे. त्यांच्यामागे लागून कंपनीचा फायदा क्वचितच होतो.

सापडल्यावर काय करतात?

खातं बंद करणं हा सगळ्यात वाईट उपाय. 'या फोनवर ट्रायल आधी वापरली गेली आहे, प्लॅन घेऊन सुरू करता येईल' एवढा संदेश पुरतो. पैसे भरायला तयार असलेला ग्राहक त्यामुळे हातचा जात नाही. खूण अर्धवट असेल तेव्हा ट्रायलआधी ऑटोपेची मंजुरी मागतात. भारतात अशा मंजुरीला पहिल्यांदा ओटीपी किंवा पिन लागतो, त्यामुळे दर वेळी नवं कार्ड आणि त्याचा मोबाइल जवळ असावा लागतो.

चूक होतेच. सीताबर्डीतून कुणी जुना आयफोन घेतला आणि आधीच्या मालकाने ट्रायल वापरली असेल, तर नव्या मालकाला पहिल्याच दिवशी नकार मिळतो. यासाठी त्या खुणेसोबत ती शेवटची बदलल्याचा महिना आणि वर्षही मिळतं, आणि कंपनी जुनी खूण पुसू शकते. तुम्हाला असा नकार आला तर ॲपच्या मदत विभागाला फोनच्या खरेदीची तारीख कळवा आणि खूण पुसायला सांगा.