चार-तीन-दोन कृती

चार-तीन-दोन कृती ही दुसऱ्या भाषेत बोलण्याचा ओघ वाढवण्यासाठी वापरली जाणारी अध्यापन पद्धती आहे. विद्यार्थी एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना अनुक्रमे ४, ३ आणि २ मिनिटांत सांगतो. कीथ मॉरिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली. पुढे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लेखनामुळे ती प्रचलित झाली.

कार्यपद्धती

वर्गात वक्ते आणि श्रोते समोरासमोर दोन रांगांत बसतात. प्रत्येक फेरीनंतर श्रोत्यांची रांग एक जागा पुढे सरकते, त्यामुळे वक्त्याला दर वेळी नवा श्रोता मिळतो आणि तीच गोष्ट पुन्हा सांगण्याला कारण उरते. श्रोता मध्ये प्रश्न विचारत नाही. विषय परिचित आणि भाषा आवाक्यातली असावी लागते, कारण येथे नवे शब्द शिकणे हा उद्देश नसून येणारी भाषा वेगाने वापरता येणे हा असतो. तिन्ही फेऱ्या मिळून ९ मिनिटे लागतात. नंतर भूमिकांची अदलाबदल होते.

उदाहरण

समजा, अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातील मराठी माध्यमाचा एक विद्यार्थी टोपीविक्या आणि माकडांची गोष्ट इंग्रजीत सांगत आहे. पहिल्या फेरीत तो २८० शब्द बोलला, तर वेग मिनिटाला ७० शब्द होतो. तिसऱ्या फेरीत २ मिनिटांत तो १९० शब्द बोलला, तर वेग ९५ वर जातो. गोष्टीचा क्रम आणि लागणारे शब्द आधीच्या फेऱ्यांत जुळलेले असल्याने वाक्याच्या मध्येच येणारे थांबे कमी होतात. मात्र माकडांनी टोप्या खाली फेकल्याचा प्रसंगच त्याने गाळला, तर वेळ आटोपली तरी गोष्ट अपुरी राहते. अशा वेळी विषय छोटा घेणे किंवा ३, २ आणि दीड मिनिट असे टप्पे ठेवणे सोयीचे ठरते.

मर्यादा

वेग वाढला म्हणजे अचूकता वाढलीच असे नाही. वरील विद्यार्थी पहिल्या फेरीत ‘स्लेप्ट’ऐवजी ‘स्लीप्ड’ म्हणाला, तर घाईत तेच रूप पुढच्या फेऱ्यांतही येण्याची शक्यता असते. फ्रँक बूर्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात अशा चुकांची पुनरावृत्ती आढळली. थाई आणि बूर्स यांनी २०१६ मध्ये घटत्या वेळेची तुलना समान वेळेच्या फेऱ्यांशी केली. घटत्या वेळेत ओघ अधिक वाढला, परंतु अचूकता आणि वाक्यरचनेतील सुधारणा समान वेळेच्या गटात दिसली.

विषय प्रत्येक फेरीत बदलल्यास काय होते, हे नेल डी योंग आणि चार्ल्स परफेटी यांनी २०११ मध्ये तपासले. सरावादरम्यान ओघ दोन्ही गटांत वाढला, पण नंतरच्या चाचणीत नव्या विषयावर बोलताना तो तीच गोष्ट पुन्हा सांगणाऱ्या गटातच टिकून राहिला. म्हणून गोष्ट न बदलता, पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये वारंवार होणारी एखाद-दुसरी चूक फळ्यावर दुरुस्त करून देणे हा एक मार्ग ठरतो. त्यामुळे पुढील वेगवान फेऱ्यांत चुकीऐवजी योग्य रूपाचा सराव होऊ शकतो.