वॉरफरिन, अल्ब्युमिन आणि एक अपुरा खुलासा

१/ रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या वॉरफरिनचे सुमारे ९९ टक्के रेणू रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेले असतात. परिणाम घडवतो तो उरलेला १ टक्का मोकळा भाग.

२/ फेनिलब्युटाझोन हे सांधेदुखीचे औषध सोबत दिल्यास वॉरफरिनचा परिणाम वाढतो, असे १९६७ मध्ये अमेरिकेत अ‍ॅगेलर व सहकाऱ्यांनी दाखवले. खुलासा सोपा वाटला : नवे औषध अल्ब्युमिनवरील जागा बळकावते. बांधलेला भाग ९९ वरून ९८ टक्क्यांवर आला, की मोकळा भाग दुप्पट होतो.

३/ परंतु यकृत विघटन करते तेही मोकळ्या रेणूंचेच. मोकळा भाग वाढला की निचराही वाढतो आणि काही दिवसांत एकूण पातळी निम्म्यावर येते. १०० चा १ टक्का आणि ५० चे २ टक्के सारखेच. मग रक्तस्रावाचा धोका टिकून का राहत होता?

४/ उत्तर १९७४ मध्ये लुइस, ट्रेगर प्रभृतींनी दिले. वॉरफरिन हे परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असलेल्या दोन रूपांचे मिश्रण आहे. फेनिलब्युटाझोन त्यांतील प्रबळ रूपाचे विघटन रोखते, तर दुर्बळ रूपाचा निचरा वाढवते. त्यामुळे एकूण मोजमापात हा बदल झाकला जात होता.

५/ विस्थापनाचा टिकाऊ धोका आहे तो मोजमाप फसवण्याचा. अपस्मारावरील फेनिटॉइनला व्हॅल्प्रोएट अल्ब्युमिनवरून हटवते. एकूण पातळी कमी दिसते, मोकळी मात्र पुरेशी असते. अशा वेळी मात्रा वाढवल्यास विषबाधा होते. म्हणून मोकळी पातळीच मोजावी लागते.