पतधोरणाचा खर्च-मार्ग

पतधोरणाचा खर्च-मार्ग ही समष्टि-अर्थशास्त्रातील एक संकल्पना आहे. मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवल्यावर उद्योगांच्या खेळत्या भांडवलावरील व्याजाचा खर्च वाढतो आणि तो वस्तूंच्या किमतींत मिसळून अल्पकाळात किमती वर ढकलतो, असा तिचा आशय आहे. मराठी वृत्तपत्रांत तिचा उल्लेख ‘कॉस्ट चॅनल’ असाही आढळतो. पतधोरणाच्या परिचित स्पष्टीकरणात व्याजदरवाढीमुळे मागणी घटते व महागाई उतरते. खर्च-मार्ग हे स्पष्टीकरण नाकारत नाही. तीच दरवाढ पुरवठ्याच्या बाजूनेही काम करते आणि तेथे तिचा परिणाम उलट दिशेचा असतो, एवढेच तो सांगतो. निव्वळ परिणाम कोणता होईल, हे या दोन बाजूंच्या तुलनात्मक बळावर आणि वेगावर अवलंबून असते.

== यंत्रणा ==

उत्पादकाला कच्चा माल, मजुरी व वीज यांचे पैसे आधी द्यावे लागतात आणि मालाचे पैसे नंतर मिळतात. कच्चा माल गोदामात पडून असतो, अर्धवट तयार माल यंत्रांवर असतो, तयार माल पाठवल्यावरही गिऱ्हाईक उधारीची मुदत घेते. या सर्व काळात अडकलेली रक्कम म्हणजे खेळते भांडवल. ते बहुधा बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातून उचलले जाते व त्यावर दररोजच्या बाकीनुसार व्याज आकारले जाते. त्यामुळे हे व्याज यंत्रसामग्रीसाठी काढलेल्या जुन्या मुदतकर्जाच्या व्याजासारखे नसते. जितका जास्त माल बनवावा तितकी जास्त उचल करावी लागते, म्हणून प्रत्येक जादा नगाच्या खर्चात ते मजुरीप्रमाणेच सामील होते. अर्थशास्त्राच्या भाषेत ते सीमान्त खर्चाचा भाग आहे आणि किंमत ठरवताना उत्पादक सीमान्त खर्चाकडेच पाहतो.

परिणामाचा आकार मुख्यतः पैसा किती दिवस अडकतो यावर ठरतो. रोखीने विकणाऱ्या आणि आठवड्याभरात माल उलाढणाऱ्या किराणा दुकानाला व्याजदरवाढ फारशी जाणवत नाही. तीन महिन्यांचे चक्र असलेल्या कारखान्याला मात्र ती लगेच जाणवते.

== उदाहरण: वसई पूर्वेतील लघुउद्योग ==

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत, एव्हरशाईन सिटीसारख्या निवासी वसाहतींच्या परिसरात, गोखिवरे, वालीव व सातिवली येथे लघुउद्योगांचे गाळे मोठ्या संख्येने आहेत. अशा गाळ्यातील प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका काल्पनिक कारखान्याची वार्षिक विक्री ५ कोटी रुपये आहे, असे मानू. भारतीय बँका लहान उद्योगांची खेळत्या भांडवलाची मर्यादा बहुधा नायक समितीच्या उलाढाल पद्धतीने ठरवतात. अंदाजित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के ही गरज धरली जाते, त्यांतील २० टक्के बँक देते व ५ टक्के मालकाने घालायचे असतात. या हिशेबाने कारखान्याला १ कोटी रुपयांची मर्यादा मिळते. ती वर्षभर पूर्ण वापरली जाते असे धरू.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म व लघुउद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानदंडाशी जोडणे बँकांना बंधनकारक केले आणि त्यांचा दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने ठरवण्यास सांगितले. खर्च-मार्गाच्या दृष्टीने ही तरतूद फार महत्त्वाची आहे. पूर्वी बँकेचा आधारदर सावकाश हलत असे, आता रेपो दरातील बदल काही आठवड्यांत, उशिरात उशिरा एका तिमाहीत, छोट्या कारखानदाराच्या खात्यावर उमटतो.

४ मे २०२२ रोजी चलनविषयक धोरण समितीने ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला. त्यानंतर टप्प्याटप्प्याने वाढवत ८ फेब्रुवारी २०२३ रोजी तो ६.५० टक्क्यांवर नेला. एकूण वाढ २.५० टक्क्यांची झाली. आपल्या कारखान्याचा कर्जदर रेपोपेक्षा ५ टक्क्यांनी अधिक धरल्यास तो ९ वरून ११.५० टक्के होतो आणि वर्षाचे व्याज ९ लाखांवरून ११.५० लाख रुपयांवर जाते. वाढीव अडीच लाख रुपये ५ कोटींच्या विक्रीच्या ०.५ टक्के होतात. म्हणजे १०० रुपयांचा डबा १०० रुपये ५० पैशांना विकला, तर सारा वाढीव खर्च वसूल होतो.

अर्धा टक्का ही रक्कम किरकोळ वाटते, पण ती नफ्याशी ताडून पाहावी लागते. व्याज दिल्यानंतरचा नफा विक्रीच्या ४ टक्के, म्हणजे २० लाख रुपये असेल, तर भाव न वाढवल्यास त्याचा आठवा हिस्सा जातो. किंमत वाढवण्याची प्रेरणा येथून येते.

शिवाय पुरवठा साखळीत हा भार साचत जातो. साखळीत तीन टप्पे असून प्रत्येकाचे भांडवली चक्र असेच आहे आणि दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यात मागच्याकडून घेतलेला माल विक्रीकिमतीच्या ६० टक्के आहे, असे समजू. पहिला टप्पा भाव ०.५ टक्के वाढवतो. दुसऱ्याला महाग मालामुळे ०.३ आणि स्वतःच्या व्याजामुळे ०.५, मिळून ०.८ टक्के वाढवावे लागतात. तिसऱ्याची वाढ जवळपास १ टक्का होते. सूत, कापड व तयार कपडे यांसारख्या लांब साखळ्यांत म्हणूनच हा परिणाम अधिक अपेक्षित असतो.

हा परिणाम किमतींच्या पातळीवरील आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. व्याजदर ६.५० टक्क्यांवर स्थिर राहिल्यास भाव एकदा वर सरकतो आणि तेथे थांबतो. वार्षिक महागाईदरात ही वाढ सुमारे वर्षभर दिसते व नंतर गळून पडते. मागणीच्या बाजूचा परिणाम सावकाश सुरू होतो आणि त्याला पूर्ण बळ यायला अनेक तिमाह्या लागतात. या वेळेच्या अंतरामुळेच खर्च-मार्ग हा अल्पकाळाचा विषय मानला जातो.

== मर्यादा ==

वाढलेले व्याज भावात मिसळता येईलच असे नाही. मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या किंवा ठरलेल्या दराने जॉबवर्क करणाऱ्या गाळेधारकाला पुढील करारापर्यंत भाव बदलता येत नाही. वाढीव खर्च त्याच्या नफ्यातूनच जातो. अनेक लहान कारखाने तर बँकेऐवजी कच्च्या मालाच्या व्यापाऱ्याच्या उधारीवर चालतात. त्या उधारीचे व्याज मालाच्या भावातच दडलेले असते आणि ते रेपो दराच्या तालावर हलत नाही.

काही वेळा परिणाम नेमका उलटाही होतो. व्याज वाढले की साठा बाळगणे महाग पडते, त्यामुळे व्यापारी गोदामातील माल कमी नफ्यावर काढून टाकतात आणि त्या काळापुरते भाव उतरतात. खर्च-मार्गाच्या चर्चेत ही बाजू बऱ्याचदा राहून जाते.

गृहकर्जाचा वाढलेला हप्ता हा खर्च-मार्ग नव्हे. एव्हरशाईन सिटीतील घरमालकाला २०२२-२३ मध्ये जड झालेला हप्ता त्याची खरेदीची ऐपत कमी करतो, म्हणजे तो मागणीच्या बाजूने काम करतो. भारताच्या ग्राहक किंमत निर्देशांकात गृहकर्जाचे व्याज मोजले जात नाही, घरभाडे मोजले जाते. ब्रिटनच्या जुन्या किरकोळ किंमत निर्देशांकात ते व्याज धरले जात असल्याने तेथे दरवाढीनंतर निर्देशांक आपोआप वर जाई. तो मोजणीच्या पद्धतीचा परिणाम होता, त्याचा उत्पादकांच्या खर्चाशी संबंध नव्हता.

== संकल्पनेचा इतिहास ==

व्याज हा उत्पादनखर्चाचा भाग असल्याने चढे व्याजदर किमती वाढवतात, हा विचार एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अर्थशास्त्रज्ञ थॉमस टूक यांच्या लेखनात आढळतो. विसाव्या शतकात अमेरिकेचे काँग्रेस सदस्य राइट पॅटमन यांनी तो राजकीय व्यासपीठावरून आग्रहाने मांडला. महागाईवर दरवाढीचा उपाय करणे म्हणजे आगीत तेल ओतणे, अशा आशयाची त्यांची टीका प्रसिद्ध आहे. त्या काळी मुख्य प्रवाहातील अर्थतज्ज्ञांनी ती अडाणी समजूत म्हणून बाजूला सारली. तिचा पूर्ण निष्कर्ष चुकीचा होता, पण त्यातील खर्चाचा मुद्दा चुकीचा नव्हता.

१९९२ मध्ये क्रिस्टोफर सिम्स यांनी अनेक देशांच्या आकडेवारीत एक विसंगती दाखवली. व्याजदर अनपेक्षितपणे वाढल्यानंतर किमती प्रथम घसरण्याऐवजी वाढताना दिसत होत्या. हिला ‘किंमत-कोडे’ म्हटले जाते. खर्च-मार्ग हे त्याचे एक उत्तर होय. सिम्स यांचे स्वतःचे उत्तर वेगळे होते. मध्यवर्ती बँकेला येऊ घातलेल्या महागाईची चाहूल आधी लागते व ती दर वाढवते, नंतर येणारी महागाई दरवाढीमुळे आल्याचा केवळ भास होतो.

== पडताळणी ==

भारताचे २०२२ चे उदाहरण ही अडचण स्पष्ट करते. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्के होती आणि युक्रेन युद्धानंतर कच्च्या तेलाचे भाव चढलेले होते. वरील कारखान्यात प्लास्टिकचे दाणे किमतीच्या ६० टक्के असतील आणि ते १० टक्क्यांनी महागले, तर डब्याचा खर्च ६ टक्क्यांनी वाढतो. व्याजामुळे झालेल्या वाढीच्या हा बारा पट आहे. दरवाढ व भाववाढ एकाच वेळी दिसली, एवढ्यावरून खर्च-मार्ग सिद्ध होत नाही.

म्हणून संशोधक उत्पादन व किंमत एकत्र पाहतात. केवळ मागणी घटली असेल तर एखाद्या उद्योगाचे उत्पादन आणि मजुरीच्या तुलनेतील किंमत दोन्ही उतरायला हवीत. उत्पादन घटूनही किंमत मजुरीच्या तुलनेत वाढली, तर धक्का खर्चाच्या बाजूने आल्याचे अनुमान निघते. मार्विन बार्थ व व्हॅलेरी रॅमी यांनी २००१ मध्ये अमेरिकी उद्योगांवर ही कसोटी लावली. अनेक उद्योगांत त्यांना खर्चाच्या धक्क्याची लक्षणे दिसली, मात्र १९७९ पूर्वीच्या काळात ती अधिक ठळक होती. गायोट्टी व सेक्की यांनी २००६ मध्ये सुमारे २,००० इटालियन कंपन्यांच्या भावनिश्चितीचा अभ्यास केला. विक्रीच्या तुलनेत खेळते भांडवल जितके जास्त, तितका व्याजाचा किमतीवरील परिणाम अधिक, असे त्यांना आढळले. हा पुरावा अधिक भक्कम म्हणता येईल, कारण येणाऱ्या महागाईची चाहूल सर्व कंपन्यांना समान लागू असते, भांडवली चक्राची लांबी मात्र प्रत्येकीची निराळी असते. दुसरीकडे पाव राबानाल यांच्या २००७ मधील अभ्यासानुसार दरवाढीनंतर महागाई प्रत्यक्षात वाढावी इतका हा मार्ग प्रबळ असण्याची शक्यता कमी आहे.

== धोरणातील स्थान ==

रावेना व वॉल्श यांनी २००६ मध्ये दाखवले की, खर्च-मार्ग अस्तित्वात असेल तर महागाई व उत्पादन या दोहोंना एकाच व्याजदराने एकाच वेळी स्थिर ठेवता येत नाही. मागणी सावरण्यासाठी हलवलेला दर खर्चही हलवतो. म्हणून अशा अर्थव्यवस्थेत मध्यवर्ती बँकेला थोडी महागाई किंवा उत्पादनातील थोडी घट पत्करावी लागते.

दरकपातीत हीच यंत्रणा उलट फिरते. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आला. वरील कारखान्याचे त्यामुळे वर्षाला १ लाख रुपये, म्हणजे विक्रीच्या ०.२ टक्के वाचतात. १०० रुपयांच्या डब्यामागे ही बचत २० पैशांची आहे आणि ती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचते की मालकाच्या नफ्यात राहते, हे त्या बाजारातील स्पर्धेवर ठरते.