नोकरीसाठी परिचयाचा व्हिडिओ: एका मिनिटात काय बोलायचं?

आता बऱ्याच कंपन्या आणि काही कॉलेजं अर्जासोबत ‘स्वतःची ओळख करून देणारा व्हिडिओ पाठवा’ असं सांगतात. मोबाईल सगळ्यांकडे आहे, पण किती वेळ बोलायचं आणि नेमकं काय बोलायचं, इथं गाडी अडते.

किती मिनिटांचा हवा?

अर्जात मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. ६० सेकंद म्हटलं असेल तर ५५ सेकंदांत संपवा, कारण काही वेबसाइट जास्त लांबीची फाइल घेतच नाहीत. मर्यादा दिली नसेल तर एक मिनिट पुरतं, दीड मिनिटाच्या पुढे जाऊ नका.

सावकाश, स्पष्ट बोललं तर मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात. म्हणून आधी वहीत लिहा आणि शब्द मोजा. २०० शब्द झाले असतील, तर भरभर बोलून ते मिनिटात बसवू नका; शब्द कमी करा.

कशाला किती वेळ?

पहिल्या १० सेकंदांत नाव, गाव आणि कोणत्या जागेसाठी अर्ज आहे ते सांगा. पुढची १० सेकंदं शिक्षण आणि येणारी कामं. त्यानंतरची ३० सेकंदं स्वतः केलेल्या एकाच कामाची. शेवटच्या १० सेकंदांत इथंच का यायचंय आणि कधीपासून येऊ शकता ते.

आपल्याकडे बायोडाटा वाचल्यासारखं बोलायची सवय असते. वडिलांचा व्यवसाय, भावंडं, जन्मतारीख, दहावीचे टक्के यातच अर्धा मिनिट जातो. ही माहिती अर्जात असतेच. व्हिडिओ बघणाऱ्याला कळून घ्यायचं असतं की माणूस नीट बोलतो का आणि काम खरंच केलंय का.

एक नमुना

आयटीआय झालेली एक मुलगी कंपनीत शिकाऊ इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी अर्ज करतेय असं समजा. ती असं बोलू शकते:

“नमस्कार, मी ..., ... गावची. तुमच्याकडच्या शिकाऊ इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी अर्ज केला आहे. यंदा आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड पूर्ण केला. घरगुती वायरिंग आणि मोटर जोडणी मी स्वतः करते.

उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर नुसती घुमायची आणि स्टार्टर ट्रिप व्हायचा. मी मेन बंद करून फ्यूज तपासले, तर एक उडालेला. म्हणजे तीनऐवजी दोनच फेज येत होते. नुसता फ्यूज बदलला असता तर पुन्हा उडाला असता, म्हणून आधी केबल पाहिली. ती उंदरांनी कुरतडली होती. तेवढा तुकडा बदलला, मग फ्यूज घातला आणि मोटर सुरू झाली.

तुमच्याकडे पॅनेल वायरिंग चालतं, ते मला शिकायचं आहे. शिफ्टमध्ये काम करायची तयारी आहे. एक जुलैपासून रुजू होऊ शकते. धन्यवाद.”

हे साधारण १०० शब्द आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकाच कामाला दिलेत. ‘मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे’ असं ती कुठंच म्हणत नाही. पण आधी मेन बंद केला आणि फ्यूज उडायचं कारण शोधलं, यावरून जाणकाराला तिची पद्धत कळते. जे काम खरंच केलंय तेच सांगा, कारण मुलाखतीत पुढचे प्रश्न त्यावरच येणार.

कॉलेज प्रवेशासाठी साचा हाच ठेवा. कामाच्या जागी एखादा प्रकल्प किंवा शेतातला प्रयोग सांगा, आणि शेवटी हाच अभ्यासक्रम का हवा ते.

रेकॉर्डिंग करताना

पाठ केलेलं म्हणू नका. चार भागांचे चार शब्द कागदावर लिहून मोबाईलच्या कॅमेऱ्याशेजारी चिकटवा. पूर्ण मजकूर समोर ठेवला तर डोळे डावी-उजवीकडे फिरतात आणि वाचताय हे लगेच कळतं.

खिडकीकडे तोंड करून बसा. खिडकी पाठीमागे असली तर चेहरा काळा दिसतो. पंखा बंद ठेवा. मोबाईल डोळ्यांच्या उंचीला टेकवा. आडवा की उभा हे अर्जात लिहिलं नसेल तर आडवा धरा.

आधी दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून इअरफोन लावून ऐका. आवाज घुमत असेल तर रिकाम्या खोलीऐवजी गाद्या, कपडे असलेल्या खोलीत बसा.

फाइल मोठी होऊन अपलोड अडकत असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 720p निवडून पुन्हा रेकॉर्ड करा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे चित्र पुसट होत नाही. आधार नंबर किंवा बँकेची माहिती व्हिडिओत कधीच बोलू नका.